चुकीच्या फॉइलचा रोल आणि आरपीएन: ब्लिस्टर लाइनवर एफएमईए कसं करायचं

काय बिघडू शकतं, त्याचा परिणाम काय आणि कारण काय, हे आधीच तक्त्यात मांडायची पद्धत म्हणजे एफएमईए. कोल्हापुरात हा शब्द औषधवाल्यांच्या आधी फाउंड्रीवाल्यांच्या तोंडी बसला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथून गाड्यांची कास्टिंग जातात आणि ग्राहक पहिल्यांदा पीएफएमईएची, म्हणजे प्रक्रियेच्या एफएमईएची, शीट मागतो. त्यामुळे फाउंड्रीच्या क्वालिटीतून टॅब्लेट पॅकिंगला आलेल्या माणसाला हा तक्ता ओळखीचा वाटतो. गाड्यांच्या धंद्यात २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए पुस्तकानं आरपीएनच्या, म्हणजे जोखमीच्या गुणाकारी आकड्याच्या, जागी कृतीचा अग्रक्रम आणला. औषधात मात्र आरपीएन अजून जोरात चालतो. बी.फार्म. होऊन थेट आयपीक्यूएमध्ये, म्हणजे उत्पादन चालू असताना गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, आलेल्यांची अडचण उलटी असते. त्यांना औषध कळतं, पण तक्त्यात काय लिहायचं ते कळत नाही, मग मागच्या वर्षीची शीट उघडून तारीख बदलली जाते.

हा लेख दोघांसाठी आहे. अख्ख्या लाइनचा एफएमईए एका लेखात मावणार नाही, म्हणून मी एकच बिघाड घेतो: गोळी एका ताकदीची आणि मागची छापील फॉइल दुसऱ्या ताकदीची. तो नीट सोडवता आला की बाकीच्या ओळी त्याच पद्धतीनं भरता येतात.

आधी लाइनवर चालून या

मीटिंग रूममध्ये बसून प्रोसेस लिहू नका. मशीनच्या एका टोकापासून चालत जा आणि दिसेल ते वहीत लिहा. पीव्हीसीचा रोल, तो तापवून खड्डे पाडणारं फॉर्मिंग स्टेशन, गोळ्या भरणारा फीडर, रिकामे खड्डे आणि तुटक्या गोळ्या पकडणारा कॅमेरा, मग वरून येणारी छापील ॲल्युमिनियम फॉइल, सीलिंग, बॅच नंबर आणि एक्स्पायरी उमटवणं, पंचिंग, रिजेक्शन. त्यापुढे कार्टनिंग मशीन, माहितीपत्रक, वजन तपासणारा काटा आणि शेवटी शिपर.

हा क्रम लिहिताना एक गोष्ट डोळ्यांत भरली पाहिजे: कॅमेरा फॉइलच्या आधी आहे. तो उघड्या खड्ड्यांत गोळी आहे का, अख्खी आहे का, रंग तोच आहे का एवढंच पाहतो. फॉइल त्याच्या पुढे येऊन चिकटते. म्हणजे फॉइलवर काय छापलंय ते या कॅमेऱ्याला कधीच दिसत नाही. तरीही फॉइल बदलीच्या ओळीत ‘कॅमेरा आहे’ असं लिहिलेल्या शीट सर्रास सापडतात. मशीनशेजारी उभं राहिल्याशिवाय ही चूक पकडली जात नाही.

तुमच्या मशीनवर क्रम वेगळा असू शकतो. काही लाइनवर फॉइल छापण्याचं कामही तिथंच होतं, मग बिघाडांची यादीच बदलते. इथे मी बाहेरून छापून आलेली फॉइल धरली आहे.

टीममध्ये कोण हवं

पाच-सहा जण पुरे. उत्पादन, आयपीक्यूए, मेंटेनन्स, पॅकिंग मटेरियलचं स्टोअर आणि प्रत्यक्ष मशीन चालवणारा ऑपरेटर. शेवटचा माणूस बहुतेक ठिकाणी बोलावला जात नाही, बोलावला तर गप्प बसतो. त्याला बोलतं करायचा सोपा उपाय म्हणजे ‘चूक होते का?’ असं न विचारता ‘रोल संपला की तुम्ही काय काय करता, सांगा’ असं विचारणं. अशाच एका चर्चेत लाइनवरचे मामा सहज म्हणाले, “साहेब, पुढचा रोल आम्ही आधीच आणून मशीनजवळ ठेवतो. संपल्यावर स्टोअरात जायला वेळ कुठला?” त्या एका वाक्यातून जे कारण बाहेर आलं, ते कुठल्याही एसओपीत नव्हतं.

बिघाड, परिणाम, कारण: तीन वेगळे रकाने

नवख्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. ‘ऑपरेटरनं लक्ष दिलं नाही’ हे बिघाडाच्या रकान्यात लिहिलं जातं. तो बिघाड नाही. फार तर कारण आहे, आणि कारण म्हणूनही अर्धवट आहे.

आपलं उदाहरण असं धरू. ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या औषधाच्या १ मिलिग्रॅम आणि २ मिलिग्रॅम अशा दोन ताकदी एकाच लाइनवर पॅक होतात. फॉइलची मांडणी सारखी, फरक फक्त आकड्यात आणि एका पट्टीच्या रंगात. आज २ मिलिग्रॅमची बॅच चालू आहे.

बिघाड: २ मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर १ मिलिग्रॅमची फॉइल लागली. परिणाम: १ मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाच्या पोटात रोज दुप्पट डोस जातो. साखर घसरते, घाम सुटतो, थरथर होते, भान जाऊ शकतं. वय झालेलं असेल किंवा किडनी अधू असेल तर जिवावर बेतू शकतं. कारण: इथे थांबा, कारण एक नाही. कारणं तीन आहेत आणि प्रत्येकाची ओळ वेगळी लिहायची.

पहिलं, आधीच्या बॅचचा उरलेला रोल लाइनवरच राहिला. दुसरं, बॅच चालू असताना रोल संपला आणि बदलताना चुकीचा चढला. तिसरं, रोल बाहेरून बरोबर आहे, लेबल बरोबर आहे, पण छापखान्यात रोल गुंडाळताना आत दुसऱ्या छपाईचा तुकडा जोडला गेला. हे तिसरं कारण नवख्यांना सुचत नाही. फॉइलच्या रोलमध्ये जोड असणं नेहमीचंच आहे, पण जोडाच्या पलीकडे तीच छपाई आहे हे कुणी पाहिलं?

आकडे देण्याआधी शब्द ठरवा

आरपीएन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: गांभीर्य, घडण्याची शक्यता आणि पकडलं जाण्याचा आकडा. प्रत्येक १ ते १०. शेवटचा आकडा उलटा चालतो, हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा. हमखास पकडलं जात असेल तर १, पकडलं जाण्याची आशाच नसेल तर १०. ‘आमची तपासणी चांगली आहे, द्या ८’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना वाटतं आपण शाबासकी देतोय.

आयसीएच क्यू९ हे औषधातल्या जोखीम व्यवस्थापनाचं मार्गदर्शक सूत्र २००५ चं. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात एफएमईएचं नाव आहे, पण १ ते १० चा तयार तक्ता नाही. तक्ता तुमच्या कंपनीनं करायचा, मंजूर करायचा आणि मगच गुण द्यायचे. सुधारित आवृत्तीत माणसागणिक मत बदलण्यावर, म्हणजे व्यक्तिनिष्ठतेवर, खास बोट ठेवलं आहे. औषध कारखान्यांना लागू असलेल्या शेड्युल एमच्या डिसेंबर २०२३ च्या सुधारित रूपातही जोखीम व्यवस्थापन आलं आहे, त्यामुळे इन्स्पेक्टर शीट मागतो तेव्हा आकड्यामागचा आधारही विचारतो.

गांभीर्य रुग्णाच्या बाजूनं मोजायचं, कंपनीच्या खर्चाच्या बाजूनं नव्हे. पट्टीत एक खड्डा रिकामा असेल तर रुग्णाचा एक डोस चुकतो, तक्रार येते; ४. सील सुटलं तर ओलावा आत शिरून औषध खराब होतं, ७. ताकद बदलली तर १०.

शक्यतेचा आकडा अंदाजानं देऊ नका. मागच्या दोन-तीन वर्षांची डेव्हिएशन, तक्रारी आणि बॅच पॅकिंग रेकॉर्ड काढा. आणि भागायचं ते बॅचच्या संख्येनं नाही, संधींच्या संख्येनं. समजा एका बॅचला फॉइलचे सहा रोल लागतात आणि वर्षाला अशा २०० बॅच होतात, तर चुकीचा रोल चढण्याच्या वर्षाला १,२०० संधी झाल्या. दोन वर्षांत असा एक प्रसंग नोंदला असेल तर ते २,४०० मध्ये एक. तुमच्या तक्त्यात तेवढ्याला ३ लिहिलं असेल तर ३. ‘आमच्याकडे असं कधी झालं नाही’ म्हणून १ देण्याआधी, असं झालं असतं तर आपल्याला कळलं असतं का, हे विचारा. पकडायची सोयच नसेल तर नोंद कुठून येणार?

आता ओळ भरू

पहिल्या फेरीत टीम बहुधा एकच ओळ लिहिते: फॉइल बदल, गांभीर्य १०, शक्यता २, पकडणं ४, आरपीएन ८०. ज्याच्या वर गेलं की कृती करायची ती कंपनीची रेघ १२५ वर असेल तर ८० सुखरूप खाली. ४ का दिले? कारण लाइन क्लिअरन्सला, म्हणजे आधीच्या बॅचचं काही लाइनवर उरलं नाही ना हे पाहण्याला, दोन सह्या असतात, अर्ध्या तासाला आयपीक्यूए पट्टी पाहतं आणि शेवटी फॉइलचा हिशेब जुळवतात.

या तिन्ही गोष्टी एकेका कारणासमोर उभ्या करून बघा. लाइन क्लिअरन्स बॅच सुरू होण्याआधी होतो. आधीचा राहिलेला रोल तो पकडेल, पण दुपारी तीन वाजता बदललेल्या रोलशी त्याचा संबंध नाही. अर्ध्या तासाची तपासणी त्या क्षणी समोर असलेल्याच पट्ट्या पाहते. रोलच्या मध्ये काही मीटर चुकीची फॉइल येऊन गेली असेल तर ती दोन तपासण्यांच्या मधून निघून जाते.

उरला हिशेब. यावर माणसं फार विसंबतात, म्हणून आकडा काढून बघू. २० किलोच्या रोलवर २ टक्के फरक मान्य असेल तर ४०० ग्रॅम फॉइलचा जाब कुणी विचारत नाही. २५ मायक्रॉनच्या फॉइलचा एक चौरस मीटर लॅकरसकट साधारण ७५ ग्रॅम भरतो, म्हणजे ४०० ग्रॅम म्हणजे पाच चौरस मीटरच्या वर. चार बाय दहा सेंटिमीटरची पट्टी धरली आणि कडेची कात्रण वजा केली, तरी हजाराच्या आसपास पट्ट्या. शिवाय रोलच्या आत छापखान्यातूनच दुसरा तुकडा आला असेल तर वजन तंतोतंत जुळेल. हिशेब जुळला म्हणून छपाई जुळली असं होत नाही.

एवढं बोलणं झालं की टीम स्वतःच ओळ फोडते. ती अशी दिसते:

| कारण | गांभीर्य | शक्यता | पकडणं | आरपीएन |
|---|---|---|---|---|
| आधीच्या बॅचचा रोल लाइनवर राहिला | १० | २ | ३ | ६० |
| मध्येच रोल बदलताना चुकीचा चढला | १० | ३ | ६ | १८० |
| रोलच्या आत दुसरी छपाई जोडलेली | १० | २ | ८ | १६० |

कुणी आकडे मुद्दाम वाढवले नाहीत. एका ओळीच्या सरासरीत जे लपलं होतं ते तीन ओळींत दिसलं, एवढंच.

१२५ ची रेघ कुठे फसवते

एक हिशेब करून बघा. तीन आकडे १ ते १०, म्हणजे आरपीएन १ ते १००० पर्यंत जातो, पण प्रत्यक्षात येऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या किमती फक्त १२० आहेत. मधले बाकीचे आकडे येतच नाहीत. शिवाय गांभीर्य ८ हे ४ च्या दुप्पट वाईट असतं असं काही नाही. ते क्रमांक आहेत, मापं नाहीत. त्यामुळे १४० म्हणजे १२० पेक्षा ‘थोडं जास्त’ असं वाचू नका.

याच लाइनवरची दोन उदाहरणं घ्या. एक्स्पायरीची तारीख पुसट उमटणं: गांभीर्य ५, शक्यता ६, पकडणं ५, आरपीएन १५०. रोलच्या आतल्या चुकीच्या छपाईला एखाद्या टीमनं पकडण्याचे ८ ऐवजी ६ दिले, तर १०, २, ६ म्हणजे १२०. रेघ १२५ वर. पुसट तारखेवर प्रकल्प सुरू होतो आणि ताकद बदलण्याची ओळ फाइलमध्ये झोपते. त्यातही कुणी ६ देऊन ओळ रेघेखाली बसवली असेल, तर शीट पाहून ते कळतही नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की नियम दोन ठेवा. आरपीएन रेघेच्या वर असेल तर कृती. आणि गांभीर्य ९ किंवा १० असेल तर आरपीएन कितीही असो, ओळ चर्चेला यायलाच हवी. कृती करायची नसेल तर का नाही, ते लेखी. एक्सेलमध्ये गांभीर्य C, शक्यता D, पकडणं E आणि गुणाकार F रकान्यात असेल तर एवढं पुरतं:

```
F4:  =C4*D4*E4
G4:  =IF(OR(C4>=9,F4>=125),"REVIEW","OK")
```

या सूत्रानं वरच्या तिन्ही ओळींसमोर `REVIEW` येईल, ६० वालीच्यासुद्धा. ते बरोबरच आहे. तिथे टीम लिहील की लाइन क्लिअरन्सची यादी पुरेशी आहे आणि रोलची जागा त्या यादीत नावानिशी आहे. झालं.

कृती: कुठला आकडा खाली येतो

कृती ठरवताना आधी विचारा की ती तीनपैकी कशाला हात लावते. गांभीर्य सहसा हलत नाही. ताकद बदलली तर रुग्णाचं व्हायचं ते होणारच, तुम्ही कितीही कॅमेरे लावा. तरीही कृतीनंतरच्या रकान्यात १० चे ७ झालेले दिसतात. असं दिसलं की समजा, कुणीतरी आरपीएन रेघेखाली आणायला शेवटचा आकडा शोधत होतं.

शक्यता कमी होते ती चुकीला वाट न ठेवल्यानं. स्टोअरमधून एका वेळी एकच रोल द्यायचा आणि मशीनजवळ पुढचा रोल ठेवायचा तो कुलूपबंद जाळीत, ज्याची किल्ली आयपीक्यूएकडे. मामांनी सांगितलेल्या सवयीवर हा इलाज आहे. त्यांना ‘रोल आणू नका’ सांगून काही होत नाही, कारण मशीन थांबलं की बोलणी त्यांनाच बसतात. दोन ताकदींच्या फॉइलचे रंग ठळक वेगळे करणं हाही याच जातीचा उपाय, फक्त त्याला आर्टवर्क बदलाची प्रक्रिया आणि वेळ लागतो. छापखान्याशी करारात दोन गोष्टी घाला: प्रत्येक जोडावर बाहेरून दिसेल अशी रंगीत टेप, आणि एका ताकदीची छपाई संपून मशीन रिकामं केल्याशिवाय दुसरी सुरू नाही.

पकडण्याचा आकडा खाली आणणारा खरा उपाय म्हणजे फॉइलवरचा फार्माकोड वाचणारा रीडर. प्रत्येक पट्टीवर त्या ताकदीचा कोड छापलेला असतो. फॉइल सीलिंगला जाण्याआधी रीडर तो वाचतो आणि कोड जुळला नाही तर मशीन थांबवतो. नुसता दिवा लागणं आणि मशीन थांबणं यात फार अंतर आहे. दिव्याला मी ४ च्या खाली जाऊ देणार नाही.

रीडर बसला आणि जाळी आली की मधल्या ओळीची शक्यता ३ ची २, पकडणं ६ चं २: १० गुणिले २ गुणिले २, म्हणजे ४०. तिसऱ्या ओळीतही रीडर तेच काम करतो. शक्यता २ च राहिली तरी १६० चे ४० होतात.

हे ४० लगेच लिहू नका. रीडर बसवून त्याचं क्वालिफिकेशन झालं, काही बॅच चालल्या, नोंदी हातात आल्या की मग. ऑर्डर दिली आहे म्हणून आकडा कमी होत नाही.

रीडरनं आणलेली नवी ओळ

प्रत्येक नव्या उपायाबरोबर नवा बिघाड येतो आणि तो शीटमध्ये यायलाच हवा. इथला बिघाड म्हणजे रीडर बंद असणं. फॉइल थोडी सरकली की चांगला कोडही वाचता येत नाही, मशीन पुन्हा पुन्हा थांबतं, शिफ्टचं टार्गेट राहतं आणि कुणीतरी रीडर बायपास करतं. गांभीर्य १०, शक्यता ४, पकडणं ५: आरपीएन २००. म्हणजे जुन्या १८० पेक्षाही वर!

यावर इलाज तीन थरांत करावा लागतो. बायपासला पासवर्ड, जो उत्पादनाकडे नसून क्यूएकडे. प्रत्येक बायपासची वेळ ऑडिट ट्रेलमध्ये. आणि चॅलेंज टेस्ट. शिफ्ट सुरू होताना, प्रत्येक रोल बदलल्यावर आणि मशीन बराच वेळ बंद राहून पुन्हा चालू करताना चुकीच्या कोडचा फॉइलचा तुकडा मुद्दाम रीडरसमोर धरायचा आणि मशीन थांबतं का ते पाहायचं. थांबलं नाही तर मागच्या यशस्वी टेस्टपासूनचा सगळा माल बाजूला. लाइट जाऊन येण्याचे प्रसंग आपल्याकडे पावसाळ्यात वाढतात, तेव्हा रीडरची सेटिंग जशीच्या तशी परत येते का, तेही एकदा मुद्दाम वीज तोडून तपासा.

आणि ते चॅलेंजचे तुकडे? तेही चुकीचीच फॉइल आहेत. त्यांवर ठळक खूण, नंबर, मोजून देणं आणि मोजून परत घेणं. पाच दिले आणि चार परत आले तर बॅच पुढे जात नाही. ही ओळसुद्धा शीटमध्ये लिहा.

मूळ अडचण, म्हणजे फॉइल सरकून कोड न वाचला जाणं, मेंटेनन्सनं सोडवली नाही तर पासवर्डाला काही अर्थ उरत नाही; तो आठवड्याभरात सगळ्यांना माहीत होतो. म्हणून दर बॅचला खोटे थांबे किती झाले याची नोंद ठेवा. ते वाढू लागले की बायपासचा मोह जवळ आला असं धरून शक्यतेचा आकडा पुन्हा पाहा.

शीट पुन्हा कधी उघडायची

वर्षाला एकदा हा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे, पण कॅलेंडरपेक्षा घटना महत्त्वाच्या. फॉइलचा पुरवठादार बदलला, आर्टवर्क बदललं, लाइनवर तिसरी ताकद आली, रीडरचं सॉफ्टवेअर बदललं, बाजारातून छपाईची तक्रार आली, की चेंज कंट्रोल किंवा तक्रारीच्या फाइलमध्येच ‘एफएमईएची कुठली ओळ’ असा रकाना ठेवा. तक्रारीला जुळणारी ओळच सापडली नाही तर ती ओळ त्याच दिवशी घाला, गुण नंतर टीम बसून देईल. आणि जुळणारी ओळ सापडली, पण तिथे पकडण्याला २ दिलेले असतील, तर आधी त्या महिन्याच्या चॅलेंज टेस्टच्या नोंदी मागवा.